औषधांचे साठवणीतील विघटन

बंद डबीत पडून राहिलेल्या औषधाचा रेणू ओलावा, उष्णता किंवा प्रकाश यांमुळे बदलून दुसराच पदार्थ बनणे म्हणजे औषधाचे साठवणीतील विघटन. गोळी दिसायला पुष्कळदा तशीच राहते, म्हणून बिघाड लक्षात येत नाही. ॲस्पिरिन मात्र याला थोडा अपवाद आहे, कारण बिघडलेले ॲस्पिरिन वासावरून ओळखता येते.

ॲस्पिरिन म्हणजे ॲसिटिल सॅलिसिलिक आम्ल. पाण्याच्या एका रेणूने त्याचा ॲसिटिल गट तुटतो आणि सॅलिसिलिक आम्ल व ॲसिटिक आम्ल तयार होते. ॲसिटिक आम्ल म्हणजेच व्हिनेगरातला आंबट पदार्थ. जुन्या बाटलीचे झाकण उघडताच तो वास नाकात शिरला, तर आतल्या गोळ्या फेकण्याच्या लायकीच्या झाल्या असे समजावे. कधीकधी गोळीच्या पृष्ठभागावर सॅलिसिलिक आम्लाचे सुईसारखे बारीक स्फटिकही दिसतात. हृदयरोगी ॲस्पिरिन घेतात ते रक्तातल्या बिंबिकांनी गुठळी करू नये म्हणून. त्यासाठी ॲस्पिरिन आपला ॲसिटिल गट बिंबिकांमधल्या एका विकराला चिकटवते. पाण्याने तोच गट आधी काढून घेतला की उरलेले सॅलिसिलिक आम्ल या कामाचे राहत नाही, शिवाय पोटाला त्रास देते.

याला पाणी किती लागते, हे हिशेबाने पाहता येते. ॲस्पिरिनचा रेणुभार 180, पाण्याचा 18. म्हणजे 75 मिलिग्रॅमची अख्खी गोळी मोडायला 7.5 मिलिग्रॅम पाणी पुरते. पाण्याचा एक थेंब साधारण 50 मिलिग्रॅमचा धरला, तर तत्त्वतः तेवढ्यात सहा गोळ्यांची वाट लागते. कोकणातल्या पावसाळी हवेत मीठ ओलसर होते, तिथे एवढे पाणी गोळीला नुसत्या हवेतूनही मिळू शकते.

उष्णतेमुळे हीच क्रिया जलद होते. ढोबळ अंदाज असा, की तापमान 10 अंशांनी वाढले की अशा विघटनाचा वेग दुप्पट ते चौपट होतो. म्हणून औषध कंपन्या नमुने 40 अंश सेल्सियस व 75 टक्के आर्द्रतेच्या कपाटात सहा महिने ठेवून पाहतात. जोडीला साध्या साठवणीच्या तापमानाला दीर्घकाळची चाचणीही चालू असते, कारण मुदतीची तारीख अखेर तिच्यावरच पक्की होते. ती तारीख वेष्टनावर लिहिलेल्या साठवणीपुरतीच खरी. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या खणात ठेवलेल्या स्ट्रिपला ती लागू नाही.

प्रकाशाची तऱ्हा वेगळी. येथे रेणू स्वतःच प्रकाश शोषून घेतो आणि मिळालेल्या ऊर्जेने त्याचे बंध तुटतात किंवा त्यांची मांडणी बदलते. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी तितकी ही ऊर्जा जास्त, त्यामुळे जंबुपार, जांभळा व निळा हे सर्वांत घातक. रक्तदाबावरचे पिवळे निफेडिपिन याचे ठळक उदाहरण. जंबुपार किरणांनी त्याचे नायट्रो-पिरिडीन, तर दृश्य प्रकाशाने नायट्रोसो-पिरिडीन संयुग बनते आणि दोन्हींत मूळ गुण उरत नाही. त्याच्यावर प्रयोगशाळेत काम करायचे तर पिवळ्या दिव्याखाली करावे लागते.

तपकिरी बाटलीचे कारण येथे आहे. काच वितळवताना लोह, गंधक व कार्बन घातले की लोह आणि गंधक मिळून तो रंग येतो आणि अशी काच साधारण 450 नॅनोमीटरच्या खालचा बराचसा प्रकाश अडवते. पिवळा आणि तांबडा आत जातो, पण बहुतेक औषधांना त्याचा उपद्रव नाही. शिवाय पातळी किती उरली, तळाशी गाळ बसला का, हे बाहेरून दिसते. अपारदर्शक डब्यात ती सोय नसते. मात्र ही काच उष्णता अडवत नाही, आणि ओलावा अडतो तो झाकणापुरता. बाटली रोज उघडली की रोज नवी दमट हवा आत जाते. आतली सिलिका जेलची पुडी थोडे पाणी शोषते आणि मग भरून जाते.

म्हणून फॉइल. स्ट्रिपमधली प्रत्येक गोळी स्वतंत्र खळग्यात बंद असते, त्यामुळे एक काढली तरी बाकीच्यांना हवा लागत नाही. पण पारदर्शक खळग्याचे पीव्हीसी प्लास्टिक वाफेला पूर्ण अडवत नाही, वाफ त्यातून हळूहळू झिरपते. त्यावर पीव्हीडीसी या दुसऱ्या प्लास्टिकचा थर दिला की झिरपणे बरेच घटते. अमॉक्सिसिलिनसोबत दिले जाणारे क्लॅव्युलेनेट पाण्याला फारच हावरे, म्हणून त्या गोळ्या बहुधा दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेल्या ‘अलू-अलू’ स्ट्रिपमध्ये येतात. धातूचा पातळ पत्रा प्लास्टिकसारखा तापवून खोल ताणता येत नाही. तो प्लास्टिकच्या थरांमध्ये चिकटवून थंडच दाबावा लागतो. खळगे त्यामुळे पसरट होतात आणि लहान गोळीसाठीही स्ट्रिप मोठी दिसते. ग्राहकाला ही फसवणूक वाटते, पण ती जागा धातूच्या मर्यादेपायी जाते.

केमिस्ट स्ट्रिप कापून देतो तेव्हा कात्री दोन खळग्यांमधल्या चिकटपट्टीतून गेली, तर गोळी सुरक्षित राहते. खळग्याच्या कडेला चिरले तर त्या फॉइलचा उपयोग संपला. आठवड्याच्या गोळ्या आधीच काढून खणांच्या प्लास्टिक डबीत भरण्याची सवय सोयीची आहे खरी, पण अलू-अलूतली गोळी तिथे ठेवू नये. ती ज्या दिवशी घ्यायची त्याच दिवशी फोडावी.