दहा लाखाचं लूम घेतलं, मग खर्चात दीड लाखच का?
(आमच्या यंत्रमागधारक आणि टॉवेल कारखानदार ग्राहकांसाठी)

रिटर्नच्या सीझनला ऑफिसात हा प्रश्न हमखास येतो. "साहेब, मशीनला दहा लाख मोजलेत, बिल आहे, बँकेतून पैसे गेलेत, आणि तुम्ही नफ्यातून फक्त दीड लाख वजा करताय, बाकीचे साडेआठ लाख गेले कुठं?" प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर नीट कळायला पाहिजे, कारण यावर फक्त टॅक्सच नाही, तुमचा टॉवेलचा रेटसुद्धा ठरतो.

एक उदाहरण घेऊ. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका कारखानदाराने सेकंडहँड रॅपिअर लूम घेतलं. मशीन 9,40,000 ला, आणि ट्रकभाडं, फाउंडेशन, वायरिंग, फिटरची मजुरी मिळून 60,000. म्हणजे मशीनची किंमत 10,00,000 धरायची, नुसते 9,40,000 नाही, कारण मशीन जागेवर बसून चालू होईपर्यंत जो खर्च झाला तो सगळा मशीनचाच भाग. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर तो जीएसटी मात्र यात धरायचा नाही, दोन्हीकडे फायदा घेता येत नाही.

आता हे लूम तो मजुरीवर चालवतो. वर्षाला मजुरी येते 7,20,000, आणि कामगार, लाइटबिल, जॉबर, ऑइल, स्पेअर, व्याज असं सगळं मिळून जातात 4,80,000. हातात राहिले 2,40,000. समजा मशीनचे दहा लाख याच वर्षी खर्चात टाकले तर 7,60,000 तोटा दिसेल, आणि पुढच्या वर्षी तेच लूम, तेच कामगार, तेवढाच माल, तरी नफा पूर्ण 2,40,000, जणू मशीन फुकटच चालतंय. दोन्ही आकडे खोटे आहेत. पहिल्या वर्षी धंदा बुडाला नव्हता आणि दुसऱ्या वर्षी मशीन फुकट नव्हतं. सूत वर्षभरात संपतं म्हणून त्याचा खर्च त्याच वर्षाचा, पण लूम दहा वर्षं माल काढणार, तर दहा वर्षांच्या कमाईतून त्याची किंमत थोडी थोडी वजा झाली पाहिजे. हाच घसारा.

किती वजा करायचं? या कारखानदाराचा अंदाज असा की लूम दहा वर्षं चालेल आणि शेवटी भंगारात किंवा दुसऱ्या कुणाला 1,00,000 ला जाईल. म्हणजे झिजणार 9,00,000, वर्षाला 90,000. मग खरा नफा 2,40,000 नाही तर 1,50,000.

इथंच बरेच जण रेटमध्ये फसतात. हे लूम दिवसाला साधारण 60 किलो टॉवेल काढतं, वर्षाचे 300 दिवस धरले तर 18,000 किलो. 90,000 भागिले 18,000 म्हणजे किलोमागे 5 रुपये मशीनच झिजतंय. मजुरीचा रेट सांगताना पगार, लाइट, जॉबर सगळं धरलं जातं पण हे 5 रुपये कुणी धरत नाही कारण त्याचं बिल येत नाही. मग समोरचा व्यापारी रेट 4 रुपयांनी पाडून मागतो आणि आपण "चला, काम तर चालू राहील" म्हणून देतो, बँकेत पैसे दिसत राहतात, आणि दहा वर्षांनी लूम बदलायची वेळ आली की हातात काहीच नसतं. लूम बंद राहिलं तर हा आकडा अजून वाढतो. वर्षात 9,000 किलोच माल निघाला तर किलोमागे 10 रुपये होतात.

अजून एक गोंधळ बँकेच्या हप्त्याचा. हप्ता भरतोय म्हणजे घसारा गेलाच असं नाही. हप्त्यातलं व्याज तेवढं खर्चात जातं, मुद्दल म्हणजे घेतलेले पैसे परत करणं, तो खर्च नाही. आणि घसारा उलटा, तो खर्च आहे पण त्या दिवशी खिशातून काही जात नाही. त्यामुळे लोन पाच वर्षांचं असेल तर त्या काळात नफा दिसूनही हातात पैसे कमी राहतात, आणि लोन फिटल्यावर बँकेत पैसे वाढलेले दिसतात तेव्हा नफा वाढला असं वाटतं. व्याज वाचलं तेवढं सोडलं तर तो वाढलेला नसतो.

मग दीड लाख कुठून आले? आयकरात तुमचा दहा वर्षांचा अंदाज चालत नाही, तिथं साध्या मशीनरीला 15 टक्के, आणि तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. पहिल्या वर्षी 10,00,000 वर 1,50,000, उरले 8,50,000, दुसऱ्या वर्षी त्यावर 1,27,500, उरले 7,22,500, असं कमी कमी होत जातं. म्हणजे साडेआठ लाख गेले नाहीत, ते पुढच्या वर्षांसाठी शिल्लक आहेत. (कोरं नवीन मशीन असेल तर काही जणांना पहिल्यांदा जादा घसारा मिळतो, ते तुम्ही कुठल्या टॅक्स पद्धतीत आहात त्यावर आहे, त्याचा हिशोब समोर बसूनच करू.) म्हणून टॅक्सचा आकडा टॅक्सपुरता ठेवा आणि रेट काढायला तुमचे स्वतःचे 90,000 धरा. टॅक्सचा आकडा रेटला लावला तर सुरुवातीला रेट उगाच जास्त निघतो आणि नंतर उगाच कमी.

मशीन कधी चालू झालं हे फार महत्त्वाचं आहे. मशीन घेतलं त्या वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर त्या वर्षी अर्धाच घसारा, म्हणजे 1,50,000 ऐवजी 75,000. हिशोबाने 3 ऑक्टोबरपर्यंत लूम चालू झालं पाहिजे. बिल ऑगस्टचं आहे पण फाउंडेशन आणि लाइट कनेक्शनमध्ये दोन महिने गेले आणि लूम दिवाळीनंतर फिरलं, तर बिलाची तारीख उपयोगाची नाही. अर्ध्याचा राहिलेला भाग बुडत नाही, किमतीत शिल्लक राहतो, पण या वर्षीचा टॅक्स मात्र वाढतो.

दुसरं, फाउंडेशनवाल्याला किंवा फिटरला एका दिवसात 10,000 च्या वर रोख दिले तर ती रक्कम मशीनच्या किमतीत धरताच येत नाही. 25,000 रोख दिले तर त्या 25,000 वर कधीच घसारा नाही. अकाउंट पेयी चेकने किंवा ऑनलाइन द्या.

आणि "या वर्षी नफा कमी आहे, घसारा पुढच्या वर्षी घ्या" असं कृपया सांगू नका, ते होत नाही. तुम्ही घ्या किंवा न घ्या, त्या वर्षीचा घसारा घेतला असंच धरलं जातं. अंदाजे टक्क्यांनी नफा दाखवणाऱ्यांचंही तसंच, तुमचा घसारा त्यातच आला, वेगळा मिळत नाही, पण मशीनची किंमत मात्र दरवर्षी कमी होत जाते.

या वर्षी लूम, वार्पिंग मशीन, बॉयलर काहीही घेतलं किंवा विकलं असेल तर येताना खरेदीचं बिल, ट्रकची बिल्टी, फिटर आणि वायरिंगची बिलं, पेमेंटची बँक एंट्री आणि मशीन चालू झाल्याचा पुरावा आणा. पुराव्याला त्या महिन्याचं वाढलेलं लाइटबिल आणि त्या लूमवरच्या पहिल्या मालाचं चलन चालतं. जुनं मशीन विकलं असेल तर किती आले तेही सांगा, ती रक्कम शिल्लक किमतीतून वजा होते.