एएचयूचा ड्रेन ट्रॅप : दुर्गंधी अडवणाऱ्या वाकड्या नळीकडे आलेलं दुसरं काम

पाणी भरलेली वाकडी नळी, म्हणजेच ट्रॅप, ही मूळची न्हाणीघराची. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग यांनी 1775 मध्ये शौचकूपाच्या पेटंटात ती आणली, ती गटाराचा वास घरात येऊ नये म्हणून. तिथे हवेचा दाब नगण्य, त्यामुळे थोडं पाणी साचून राहिलं तरी पुरे. पुढे वातानुकूलनात हवा थंड करून फिरवणारं यंत्र, म्हणजे एएचयू, आलं; त्यातल्या थंड कॉइलवरून गळणारं पाणी झेलणाऱ्या ट्रेमधून ते बाहेर काढायलाही प्लंबरने हीच नळी जोडली आणि घोटाळा तिथेच झाला.

बहुतेक एएचयूमध्ये हवेच्या वाटेवर फॅन कॉइलनंतर असतो, म्हणजे ट्रे फॅनच्या ओढीत असतो. समजा, तिथला ऋण दाब 500 पास्कल आहे. ही ओढ सुमारे 51 मिमी पाणी उचलून धरते. न्हाणीघरातला ट्रॅप जसाच्या तसा लावला, की त्याचं बाहेरचं तोंड ट्रेच्या तोंडाच्याच पातळीला येतं. मग पाणी ट्रेमध्ये तेवढं चढेपर्यंत बाहेर पडतच नाही. ट्रॅपच नसेल तर नळीतून हवा आत घुसते आणि पाण्याचे थेंब उडवून आतल्या इन्सुलेशनवर मारते. ओळखायची खूण सोपी आहे: फॅन बंद करताच नळीतून एकदम लोंढा येतो.

उपाय म्हणजे बाहेरचं तोंड खाली नेणं. 51 मिमी ओढीसाठी आणि फिल्टर चोंदल्यावर ती वाढेल म्हणून आणखी 25, असं मिळून ते 76 मिमी खाली हवं. त्या तोंडाखाली पाण्याची खोली याच्या निम्मी, 38 मिमी. निम्मीच का? फॅन सुरू होताना अजून पाणी गळू लागलेलं नसतं. नळीतलं पाणी एका बाजूला चढतं तेवढंच दुसऱ्या बाजूला उतरतं, म्हणून 76 मिमीचा फरक 38 मिमी उतरून पेलला जातो. नळीची जाडी धरली तर एकूण उंची 140 मिमीच्या आसपास जाते. एएचयूचा ओटा 100 मिमीचा बांधला असेल, तर हा ट्रॅप बसणारच नाही. माझ्या मते निम्म्या तक्रारींचं मूळ हा बुटका ओटाच आहे.

ट्रेकडे लक्ष त्यामानाने उशिरा गेलं. सपाट तळ आणि त्याहून थोडं वर असलेलं तोंड चालवून घेतलं जाई, तळाशी शेवाळ धरे. फिलाडेल्फियात 1976 मध्ये लेजिओनेला जिवाणूची साथ आली आणि इमारतींच्या यंत्रणांमधल्या पाण्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या अ‍ॅशरे संस्थेच्या 62.1 या मानकाच्या 2004 च्या आवृत्तीत ट्रेला मीटरमागे 10 मिमी उतार, सर्वांत खालच्या जागी तोंड आणि ऋण दाबात पाणी वाहू देणारं सील, अशा अटी आहेत.

एक अडचण मात्र या आकड्यांनी सुटत नाही. मुंबईच्या कोरड्या थंडीत कॉइल पुरेसं पाणी गाळत नाही, ट्रॅप आटतो. सुकलेला ट्रॅप नसल्यासारखाच. म्हणून वरच्या बाजूला झाकण असलेला टी आकाराचा जोड ठेवतात आणि मार्चमध्ये यंत्र जोरात चालवण्याआधी त्यातून पाणी ओततात. तपासणी फॅन चालू आणि यंत्राची दारं बंद ठेवूनच करायची.