कॉनकॉलचं ट्रान्सक्रिप्ट: गायडन्स कशाला म्हणायचं आणि टोन कशाला

"यंदा इथेनॉलची विक्री १३ ते १४ कोटी लिटर राहील" आणि "इथेनॉलबद्दल आम्ही अतिशय आशावादी आहोत". कॉनकॉल म्हणजे तिमाही निकालानंतर कंपनीची मॅनेजमेंट अ‍ॅनालिस्टांशी फोनवर बोलते तो कॉल. त्याच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये ही दोन्ही वाक्यं एकाच पानावर, एकाच एमडींच्या नावापुढं सापडतात. पहिला गायडन्स आहे, म्हणजे पुढच्या काळाबद्दल कंपनीनं दिलेला शब्द; दुसरा टोन, म्हणजे बोलण्याचा सूर. एवढं कुणालाही कळतं. घोळ होतो तो मधल्या वाक्यांत: "वाढ चांगलीच राहील", "मार्जिनला काही अडचण दिसत नाही", "तुमचा अंदाज फार चुकीचा नाही". कॉलच्या सारांशात गायडन्स, धोके आणि टोन असे वेगळे रकाने असतात. नवा अ‍ॅनालिस्ट यातली निम्मी गायडन्सच्या रकान्यात टाकतो, सीनियर ती कमाईच्या अंदाजाच्या मॉडेलमध्ये घेतो, आणि पुढच्या तिमाहीत कंपनीनं शब्द मोडला असं वाटतं. कंपनीनं तसा शब्द दिलेलाच नसतो.

ओळखायची कसोटी अशी: ठरलेला काळ संपून निकाल आल्यावर त्यावर बोट ठेवून "जमलं" किंवा "हुकलं" म्हणता येईल का? येत असेल तर तो गायडन्स. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: काय मोजायचं, कोणत्या काळात आणि किती. "किती"साठी आकडाच हवा असं नाही. "मार्जिन गेल्या वर्षीपेक्षा कमी होणार नाही" हाही गायडन्सच, कारण गेल्या वर्षीचा आकडा छापलेला आहे. याउलट "डबल डिजिट ग्रोथची आमची महत्त्वाकांक्षा आहे" यात काळ नाही, म्हणून आकडा असूनही हे वाक्य टोनमध्ये जातं. कसोटीवर काहीच उतरलं नाही तर रकान्यात "गायडन्स दिलेला नाही" असं लिहून मोकळं व्हावं. इन्फोसिस दर तिमाहीला वर्षाच्या महसूलवाढीची आणि ऑपरेटिंग मार्जिनची रेंज देते, टीसीएस असा आकडा देत नाही. न देणाऱ्या कंपनीचा रकाना गोड वाक्यांनी भरला की सारांश तिथंच बिघडतो.

आता उदाहरण साखरेचंच घेऊ. सांगली-साताऱ्याकडचे बहुतेक कारखाने सहकारी, त्यामुळं शेअर बाजारात नाहीत आणि त्यांचे कॉनकॉलही नसतात. पण धंदा इथं सगळ्यांच्या ओळखीचा आहे. समजा, साखर आणि इथेनॉल बनवणारी एक लिस्टेड कंपनी आहे. कंपनी आणि तिचे आकडे काल्पनिक. सप्टेंबर तिमाहीचा कॉल नोव्हेंबरच्या सुरुवातीला झाला, गळीत नुकतंच सुरू होतंय. एमडी म्हणाले: "सध्याचं धोरण कायम राहिलं तर यंदा इथेनॉल १४ कोटी लिटरपर्यंत जाईल, गेल्या वर्षी ११ कोटी होतं."

या वाक्यातला सगळ्यात धोक्याचा शब्द "यंदा". साखर कंपनीच्या तोंडी त्याचे तीन अर्थ असतात. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, साखर हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, आणि इथेनॉल पुरवठा वर्ष नोव्हेंबर ते ऑक्टोबर. एमडी तिसऱ्याबद्दल बोलत असतील आणि आपण १४ कोटी पहिल्यात बसवले, तर काय होतं ते बघा. या आर्थिक वर्षात जुन्या पुरवठा वर्षाचे एप्रिल ते ऑक्टोबर हे ७ महिने येतात आणि नव्याचे नोव्हेंबर ते मार्च हे ५. विक्री बारा महिन्यांत सारखी पसरली असं धरलं (प्रत्यक्षात ती सारखी नसते, पण अंदाजाला चालतं), तर ११ चे ७/१२ म्हणजे सुमारे ६.४ आणि १४ चे ५/१२ म्हणजे सुमारे ५.८. बेरीज १२.२ कोटी लिटर. फरक १.८ कोटी लिटरचा. लिटरला ६० रुपये धरले तरी मॉडेलमध्ये शंभर कोटींहून जास्त विक्री हवेतून आली. म्हणून गायडन्सच्या ओळीत काळ नेहमी महिन्यांसकट लिहायचा. ट्रान्सक्रिप्टवरून तो ठरतच नसेल तर "काळ स्पष्ट नाही, कंपनीला विचारायचं" असं लिहायचं. स्वतः ठरवायचं नाही.

त्याच वाक्याचा पहिला तुकडा, "सध्याचं धोरण कायम राहिलं तर", बहुतेक सारांशांतून गळतो. हा तुकडा टोन नाही आणि नम्रताही नाही. तो धोका आहे, आणि धोक्याच्या रकान्यात पहिल्या नंबरला जायला हवा. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं उसाचा रस आणि सिरप इथेनॉलसाठी वापरायला मनाई केली. काही दिवसांत ती सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा घालून दिली, पण तोवर अनेकांची गणितं बदलली होती. त्याआधीच्या कॉलचा सारांश करताना ज्यानं अट गाळली, त्याच्या नोटमध्ये नुसता आकडा उरला. अट ज्यानं लिहिली होती, त्याला आदेश आल्या दिवशी कोणती ओळ खोडायची ते माहीत होतं. धोका लिहिताना तो कोणत्या गायडन्सला लागतो हे सोबत लिहावं: "रस-सिरपवर मर्यादा आली तर १४ कोटी लिटरचा आकडा टिकणार नाही." नुसतं "सरकारी धोरणाचा धोका" ही ओळ कुठल्याही साखर कंपनीला लागू पडते, म्हणजे कुणालाच उपयोगाची नाही.

कॉलच्या सुरुवातीला "भविष्याबद्दलची विधानं प्रत्यक्षात वेगळी ठरू शकतात" असं वाचून दाखवतात, ते धोक्यात उतरवायचं नाही. तो वकिली मजकूर दर कॉलला तसाच असतो.

आपल्या भागातल्या पोरांची एक खास चूक इथं सांगायला हवी. वाळव्यात किंवा कराडकडं पाऊस कसा झाला, लावण किती, खोडवा किती, हे त्यांना घरबसल्या माहीत असतं. मग मॅनेजमेंट उसाच्या टंचाईबद्दल एक अक्षर बोललेलं नसतानाही सारांशात "ऊस कमी पडण्याचा धोका" येतो. माहिती खरी असेल, मोलाचीही असेल, पण वाचणारा ती कंपनीची कबुली समजेल. ती खाली "आमचं मत" अशी वेगळी ओळ करून लिहावी.

आता टोन. गायडन्स एकट्या ट्रान्सक्रिप्टमधून काढता येतो, टोन येत नाही. काही मॅनेजमेंट जात्याच उत्साही असतात, काही कायम रडतात. त्यामुळं "टोन सकारात्मक" या शब्दांना काही अर्थ नाही. अर्थ असतो तो त्याच माणसाच्या मागच्या कॉलशी तुलना केल्यावर. सुरुवातीचं निवेदन लिहून आणलेलं असतं, त्यात फारसं शोधू नये. प्रश्नोत्तरं वाचावीत.

आपल्याच काल्पनिक कंपनीत ऑगस्टच्या कॉलमध्ये साखर उताऱ्यावर प्रश्न आला तेव्हा एमडी परिच्छेदभर बोलले: ८६०३२ जातीचा ऊस किती टक्के, २६५ चा किती, आडसाली किती, तोडणी कशी लावणार. नोव्हेंबरमध्ये तोच प्रश्न, तोच अ‍ॅनालिस्ट. या वेळी उत्तर सीएफओंनी दिलं: "हंगाम सुरू होऊ द्या, मग बोलू." पुन्हा विचारल्यावर "हे ऑफलाइन घेऊ." आकडा बदलला नाही, म्हणून गायडन्सच्या रकान्यात लिहायचं "१४ कोटी लिटरपर्यंत, कायम". टोनच्या रकान्यात मात्र लिहायचं: "उताऱ्यावर ऑगस्टपेक्षा सावध. तेव्हा एमडींचं जातवार उत्तर, आता सीएफओंचं एका वाक्यात, दोनदा टाळलं." विशेषणाऐवजी पुरावा. गायडन्स जागच्या जागी आणि टोन खाली, ही जोडी मला सगळ्यात वाचण्यासारखी वाटते. आकडा अजून हलवला नसला तरी बोलणाऱ्याचा हात आखडलेला असतो. पण म्हणून त्या टोनवरून "गायडन्स घटण्याची शक्यता" असं गायडन्सच्या रकान्यात सरकवायचं नाही. तो निष्कर्ष सीनियरचा.

उलटही घडतं. बोलणं जोरात आणि आकडा हळूच सैल: मे मध्ये "किमान १४", ऑगस्टमध्ये "१४ च्या आसपास", नोव्हेंबरमध्ये "१४ पर्यंत". तिन्ही सारांशांत १४ च दिसतो. "किमान" म्हणजे तळ होता, "पर्यंत" म्हणजे छत झालं. म्हणून आकड्यापुढचा शब्द जसाच्या तसा उतरवायचा आणि शेजारी मागच्या कॉलचा शब्द ठेवायचा. आणि मे मध्ये दिलेला एखादा आकडा नोव्हेंबरमध्ये आलाच नाही, तर "या वेळी उल्लेख नाही" अशी ओळ लागते. गप्प बसणं ट्रान्सक्रिप्टमध्ये छापलं जात नाही, त्यामुळं ते शोधायला मागची नोट आधी वाचून बसावं लागतं.

मधल्या वाक्यांपैकी सर्वांत फसवं ते प्रश्नकर्त्याच्या आकड्याचं. अ‍ॅनालिस्ट विचारतो, "म्हणजे एबिटा मार्जिन १८ टक्के धरू का?" सीएफओ म्हणतात, "तुमचं गणित फार चुकीचं नाही." १८ हा आकडा सीएफओंनी उच्चारलेला नाही. तो गायडन्समध्ये गेला तर "कंपनीनं १८ टक्के सांगितलं" अशी अफवा आपल्याच टेबलावरून सुरू होते. तो टोनमध्येही विरघळवू नये. गायडन्सच्या खाली स्वतंत्र ओळ करावी: "१८% हा प्रश्नकर्त्याचा आकडा, सीएफओंनी नाकारला नाही, दुजोराही दिला नाही, पान ११." सीएफओ स्पष्ट "हो, १८" म्हणाले असते तर मात्र तो गायडन्स, मग आकडा आधी कुणीही उच्चारलेला असो.

प्रत्येक ओळीला पान नंबर आणि बोलणाऱ्याचं पद हवंच. त्याचं एक कारण ट्रान्सक्रिप्टच्या चुकांत आहे. सेबीच्या नियमानुसार कॉलचं रेकॉर्डिंग २४ तासांत किंवा पुढचा ट्रेडिंग दिवस उजाडण्याआधी, जे आधी येईल तेव्हा, टाकावं लागतं आणि ट्रान्सक्रिप्ट ५ कामकाजी दिवसांत. म्हणजे ट्रान्सक्रिप्ट हातात येतं तेव्हा रेकॉर्डिंग उपलब्ध असतंच. पूर्ण तास ऐकायची गरज नाही. गायडन्सचे आकडे जिथं आहेत ती दोन-तीन ठिकाणं आणि "अस्पष्ट" असं छापलेल्या जागा ऐकाव्यात. इंग्रजीतल्या फिफ्टीन आणि फिफ्टीची गल्लत होते, लाख आणि कोटीची होते, आणि "कॅन" आणि "कान्ट" यांची तर छापील वाक्य वाचून शंकासुद्धा येत नाही. टोनच्या रकान्यात टाकलेलं "दोनदा टाळलं" हेही तिथंच तपासून घ्यावं. कधी कधी सीएफओंनी टाळलेलं नसतं, लाइन कट झालेली असते.