एक्स्ट्रा बेड आणि लाँड्री: बिलात शेजारी, टॅक्समध्ये लांब

हॉटेलच्या बिलात रूमच्या खाली एक्स्ट्रा बेड आणि लाँड्री अशा दोन ओळी लागोपाठ येतात, म्हणून आपल्याला वाटतं की दोन्ही वरखर्चच. पण जीएसटीच्या हिशेबात बेड हा रूमचाच भाग आहे आणि लाँड्री ही वेगळी सेवा आहे, आणि सगळा फरक तिथेच पडतो.

22 सप्टेंबर 2025 पासून रूमचं भाडं एका दिवसाला 7500 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के आणि त्याच्या वर गेलं की 18 टक्के, तेही फक्त वरच्या रकमेवर नाही तर पूर्ण भाड्यावर. आणि हे एका रूमचं एका दिवसाचं भाडं बरं का, तीन रात्रींचं मिळून 12000 झालं म्हणून 18 टक्के लागत नाही. आधी बोर्डावरच्या जाहीर दरावर स्लॅब ठरायचा, 2018 च्या जुलैअखेरपासून प्रत्यक्ष जे घेतात त्यावर ठरतो, म्हणून बेडचे पैसे त्या दिवसाच्या भाड्यात धरले जातात.

समजा महाबळेश्वरला दोन रात्री राहिलात, रूम 7000 ची, पहिल्या रात्री आत्या सोबत होत्या म्हणून 900 चा बेड घेतला. त्या दिवसाचं भाडं झालं 7900, टॅक्स 18 टक्क्यांनी 1422. बेड नसता तर 7000 वर फक्त 350 लागले असते, म्हणजे 900 चा बेड खरंतर 1972 ला पडला! दुसऱ्या रात्री बेड नाही, तर परत 5 टक्के, 350 रुपये. बेड एकच रात्र घेतला आणि बिलात दोन्ही रात्री 18 टक्के दिसले तर तिथेच विचारायचं.

आता लाँड्री. दुसऱ्या दिवशी शर्ट-पँट धुवायला दिले, 600 रुपये. याला रूम स्वस्त असो की महाग, 18 टक्केच, म्हणजे 108 रुपये, आणि रूमच्या स्लॅबला याने काही होत नाही. पण हेच 600 कुणी रूमच्या भाड्यात मिसळले तर 7600 होतात, सीमा ओलांडली जाते आणि 1368 टॅक्स लागतो, खरं तर तिथे 350 अधिक 108 म्हणजे 458 च व्हायला हवेत. बिल घाईत बनवताना सगळं रूम चार्जेसमध्ये टाकलं की हे होतं आणि 910 रुपये जास्तीचे जातात, मला तर हे अजिबात पटत नाही.

ओळखायचं कसं, तर बिलावरचा सॅक कोड, म्हणजे जीएसटीत सेवेच्या प्रकाराला दिलेला नंबर, बघा, रूम आणि बेड 9963 ने सुरू होणाऱ्या कोडखाली, लाँड्री 9997 खाली. कोड छापला नसेल तर सीजीएसटीचा, म्हणजे टॅक्समधल्या केंद्राच्या अर्ध्या वाट्याचा कॉलम बघा, 2.5 असेल तर 5 चा स्लॅब, 9 असेल तर 18 चा. आणि बेड मागवायच्या आधीच रिसेप्शनला विचारा, "बेड धरून आजचं भाडं किती होतंय?"