ऊन लागलेल्यावर गार पाणी ओतायचं की नाही?

"ऊन लागून पडलेल्या माणसावर गार पाणी ओतू नका, शिरा आकसतात आणि उष्णता आत कोंडते."

शिरा आकसतात, हे खरं आहे. पण तेवढ्याने उष्णता कोंडत नाही. हात माठातल्या पाण्यात पाच मिनिटं धरून पाहा: बोटं फिकट पडतात, तरी हात गार होतोच. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता ओढतं. आकसलेल्या शिरांमुळे होणारी अडवणूक त्यापुढे थोडी ठरते.

एप्रिलमध्ये सिंहगड चढताना कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, की उष्माघात धरून चाला. अंग घामाने ओलं असलं तरीही! शरीराचं आतलं तापमान 40 अंशांवर गेलेलं असतं, आणि ते तसंच राहिलं तर मेंदू, यकृत, मूत्रपिंडं बिघडतात. काखेतला थर्मामीटर इथे कमी आकडा दाखवू शकतो, त्यावर विसंबू नका.

सावलीत आडवं करा, जाडे कपडे काढा, 108 ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत अंगभर पाणी ओतत वारा घाला. बर्फाच्या पाण्याचं टब मिळालं तर उत्तमच, फक्त डोकं वर धरा. माणूस नीट बोलू लागला किंवा कुडकुडू लागला की थांबा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

आणि क्रोसिन नको. तापात मेंदू स्वतःच तापमानाची पातळी वर नेतो, गोळी ती खाली आणते. इथे पातळी जागेवरच असते, उष्णता बाहेर टाकणं तेवढं कोलमडलेलं असतं.