क्रेनियल नर्व्ह तपासणीचे स्टेशन: पात्रता, साहित्य आणि तपासणीचा क्रम

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत एमबीबीएसच्या अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेला बसण्यासाठी सक्षमताधारित अभ्यासक्रमानुसार थिअरीत किमान ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकांत किमान ८० टक्के हजेरी लागते. अंतर्गत मूल्यमापनात पात्र ठरणे आणि लॉगबुक पूर्ण करून प्रमाणित करून घेणे हेही आवश्यक असते. परीक्षेच्या दिवशी हॉल तिकीट, ओळखपत्र आणि लॉगबुक सोबत ठेवावे. क्रेनियल नर्व्हच्या स्टेशनसाठी टॉर्च, कापूस, टाचणी, स्नेलेन तक्ता आणि ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क लागतो. हे साहित्य बहुधा टेबलावर ठेवलेले असले, तरी स्वतःचा टॉर्च खिशात असलेला बरा.

हात स्वच्छ करून, नाव-ओळख सांगून आणि परवानगी घेऊन रुग्णाला आपल्यासमोर, डोळ्यांच्या समान पातळीवर बसवावे. स्पर्श करण्यापूर्वी काही क्षण चेहरा नुसता पाहावा. पापणी खाली आली आहे का, ओठाचा कोपरा झुकला आहे का, बोलताना आवाज घोगरा किंवा नाकातून येतो का, हे इथेच कळते. त्यानंतर पहिल्या नसेपासून सुरुवात होते. बहुतेक स्टेशनवर वासात काही बदल जाणवला का, एवढे विचारणे पुरते.

दुसऱ्या नसेत आधी दृष्टी, मग दृष्टिक्षेत्र आणि त्यानंतरच बाहुल्या तपासाव्यात. पुष्कळ विद्यार्थी टॉर्च हाती येताच तो डोळ्यांत मारतात आणि डोळे दिपलेल्या रुग्णाला अक्षरे वाचायला सांगतात, त्यामुळे दृष्टीचा निष्कर्षच चुकतो. चष्मा असल्यास तो लावूनच आणि एकेक डोळा झाकून वाचायला सांगावे. बाहुल्यांच्या प्रतिक्षेपात प्रकाशाची जाणीव दुसरी नस नेते आणि आकुंचनाचा आदेश तिसरी आणते, म्हणून ही पायरी दोन्ही नसांच्या मध्ये चपखल बसते. तिसरी, चौथी आणि सहावी एकत्र तपासताना "काका, डोकं न हलवता फक्त डोळ्यांनी माझ्या बोटाकडे पाहा, आणि एकाचे दोन दिसले तर लगेच सांगा," असे सांगून बोट सुमारे हातभर अंतरावरून इंग्रजी एच अक्षरासारखे, सावकाश फिरवावे.

पाचव्या नसेसाठी कपाळ, गाल आणि हनुवटी या तिन्ही भागांवर दोन्ही बाजूंची स्पर्श व टाचणीची संवेदना तुलनेने तपासावी. जबड्याच्या कोनावरची त्वचा या नसेची नसून मानेच्या नसांची असते, त्यामुळे तिथे टाचणी लावून पाचवीबद्दल काही ठरवू नये. नंतर दात आवळायला लावून दोन्ही बाजूंचे स्नायू हाताने चाचपावेत आणि तोंड उघडायला सांगावे. दुबळेपणा असल्यास जबडा दुबळ्या बाजूकडे वळतो.

क्रम का पाळायचा, हे सातव्या नसेच्या उदाहरणातून स्पष्ट होते. समजा, पंचेचाळीस वर्षांच्या रुग्णाचा उजवा चेहरा झुकलेला आहे. भुवया वर उचलायला सांगितल्यावर उजव्या कपाळावर आठ्या पडत नाहीत, आणि डोळे घट्ट मिटायला सांगितल्यावर उजवा डोळा उघडाच राहून बुबुळ वर जाते. कपाळही बाधित असल्याने दोष नसेत किंवा तिच्या केंद्रकात आहे. मेंदूच्या वरच्या भागात तो असता, तर कपाळ बहुधा वाचले असते. उमेदवार थेट चेहऱ्याकडेच वळला, तर तो येथे 'बेल्स पाल्सी' म्हणून थांबतो. क्रमाने आलेल्याला मात्र उजवा डोळा बाहेरच्या बाजूला जात नाही, हे आधीच दिसलेले असू शकते, आणि सहावी व सातवी एकाच बाजूला बाधित असतील, तर संशय पॉन्सवर जातो, कारण सातवीचे तंतू तिथे सहावीच्या केंद्रकाला वळसा घालून जातात. त्याऐवजी गालाची संवेदना कमी आणि पुढे आठवीत ऐकूही कमी येत असेल, तर सेरेबेलोपाँटाइन कोनातील गाठीचा विचार करावा लागतो. कानाच्या पाळीत व कर्णछिद्राशी पुरळ आहे का, हे या वेळी पाहिलेच पाहिजे.

आठवीसाठी कुजबुज आणि रिने-वेबर चाचण्या होतात. नववी आणि दहावी एकत्र तपासताना "आ" म्हणायला लावून टाळू पाहावी. पडजीभ निरोगी बाजूकडे ओढली जाते, तर बारावीच्या तपासणीत बाहेर काढलेली जीभ बाधित बाजूकडे वळते. या दोन उलट दिशांत परीक्षार्थी हमखास गोंधळतात. अकरावीसाठी खांदे उचकवून झाल्यावर मान उजवीकडे वळवताना डावा स्टर्नोमॅस्टॉइड तपासला जातो, हेही बोलून दाखवावे.

कॉर्निया आणि गॅग प्रतिक्षेप रुग्णाला त्रासदायक असल्याने परीक्षकांनी सांगितल्याशिवाय करू नयेत, पण "हे प्रतिक्षेप आणि फंडस तपासणी मी पुढे केली असती" असे म्हणावे. निष्कर्ष सांगताना बारा नसांची जंत्री वाचू नये. "उजव्या बाजूची सातवी नस खालच्या स्तरावर बाधित आहे, पाचवी, सहावी आणि आठवी शाबूत आहेत," इतके एका वाक्यात सांगून दोषाची संभाव्य जागा सांगावी.