मागच्या सीटवरून पाठ झालेला रस्ता

आठवीपासून तुम्ही बाबांच्या स्कूटरवर मागे बसून कोथरूडहून सदाशिव पेठेतल्या क्लासला जाताय. कर्वे रस्ता, नळस्टॉप, म्हात्रे पूल, सगळं ओळखीचं. मग एके दिवशी बाबा गावाला जातात, तुम्ही सायकल काढता आणि पेठेतल्या बोळांत शिरल्यावर अडता: आता डावीकडे, की पुढच्या गल्लीत?

धडा चौथ्यांदा वाचताना आपण असेच मागे बसलेलो असतो. प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, म्हणून ‘येतंय’ असं वाटतं. पेपरात मात्र वळण स्वतःच घ्यावं लागतं.

हेन्री रॉडिगर आणि जेफ्री कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हा फरक मोजला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न बघता आठवेल ते कागदावर लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना 83 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 71. आठवड्याने वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरलं आणि लिहिणाऱ्यांकडे 61. गंमत म्हणजे ‘मला आठवड्यानंतरही आठवेल’ हा विश्वास वाचणाऱ्यांनाच जास्त होता! परीक्षेच्या आदल्या रात्रीचा आत्मविश्वास म्हणूनच फसवा असतो.

दहावीतलं ग्लायकोलायसिस घ्या. पान एकदा नीट समजून वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहा: ही प्रक्रिया पेशीत कुठे होते, ग्लुकोजच्या एका रेणूपासून काय काय तयार होतं? ‘पेशीद्रव्यात’ हे चटकन येईल, पायरुविक आम्लही येईल. पण त्याचे रेणू किती, तिथे पेन थांबेल. लगेच पुस्तक उघडू नका. तो अवघडलेला अर्धा मिनिट वाया जात नाही. मेंदू माहितीपर्यंतची वाट तेव्हाच शोधत असतो. मग पुस्तक उघडून लाल पेनने दुरुस्त करा: पायरुविक आम्लाचे दोन रेणू. उद्या पुन्हा कोरा कागद घ्या, आणि तीन-चार दिवसांनी आणखी एकदा. लाल शाई कमी होत गेली तर धडा खरोखर बसतोय.

एका बाबतीत सांभाळा. कागद जवळजवळ कोराच राहिला तर धडा अजून समजलेला नाही. मग आधी शिक्षकांना विचारा किंवा पुन्हा वाचा, कारण जे डोक्यात गेलंच नाही ते आठवणार कुठून? आणि पडताळणी कधीच टाळू नका. चुकीचं उत्तर चार वेळा आठवून लिहिलं, तर तेही तितकंच पक्कं बसू शकतं.